मदत हवी आहे: गेन चौपट केला, तरी सेटलिंग टाइम जवळपास तेवढाच

शाफ्ट_३६०
एका डीसी मोटरच्या शाफ्टचा कोन नियंत्रित करायचा आहे. शाफ्ट एका सेकंदाच्या आत अंतिम कोनाच्या २ टक्क्यांच्या पट्ट्यात येऊन स्थिरावला पाहिजे, अशी अट आहे. गेन १६ असताना सिम्युलेशनमध्ये राइज टाइम ०.४१ सेकंद, ओव्हरशूट १६ टक्के आणि सेटलिंग टाइम २.०२ सेकंद येत होता. गेन ६४ केल्यावर राइज टाइम ०.१६ सेकंदावर आला, पण ओव्हरशूट ४४ टक्क्यांवर गेला आणि सेटलिंग टाइम जेमतेम १.७६ सेकंद झाला. प्रतिसाद एवढा वेगवान होऊनही स्थिरावायला तेवढाच वेळ का लागतो? परवा हे काम दाखवायचे आहे, त्यामुळे कृपया लवकर सांगावे.

सर्किट_वही
मोटरचे ट्रान्सफर फंक्शन आपण दिलेलेच नाही. नुसत्या गेनच्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. शिवाय फीडबॅक फक्त कोनाचा आहे की वेगाचाही, हेही लिहावे.

पीआयडी_प्रेमी
इंटिग्रल घाला. त्याशिवाय अंतिम चूक शून्यावर येणार नाही. मी प्रत्येक लूपमध्ये आधी पीआयडीच लावतो.

शाफ्ट_३६०
अंतिम चूक शून्यच आहे, माझी तक्रार त्याबद्दल नाही. फीडबॅक फक्त कोनाचा आहे. मोटर नेहमीचीच असल्यामुळे मॉडेल वेगळे द्यावे असे वाटले नव्हते.

```
G = tf(1, [1 4 0]);
T = feedback(64*G, 1);
stepinfo(T)
```

मापनयंत्र
डॅम्पिंग रेशो फार कमी झाला आहे, एवढाच याचा अर्थ. मी बरीच वर्षे गॅल्व्हानोमीटर आणि काट्याचे मीटर दुरुस्त केले आहेत. काटा डोलत राहिला की आम्ही समांतर रोध कमी करून डॅम्पिंग वाढवत असू आणि काटा लगेच जागेवर बसत असे. आपणही झीटा वाढवून १ करा. ओव्हरशूट जाईल आणि सेटलिंग टाइमही कमी होईल.

शाफ्ट_३६०
करून पाहिले. झीटा १ होण्यासाठी गेन ४ करावा लागला. ओव्हरशूट गेला हे खरे, पण राइज टाइम १.६८ सेकंद झाला आणि सेटलिंग टाइम उलट २.९२ सेकंदांवर गेला. आता मी अधिकच गोंधळलो आहे.

मूळस्थान
आपल्या क्लोज्ड लूपचा छेद `s^2 + 4s + K` आहे. यातला K म्हणजे स्प्रिंगचा ताठपणा समजा, आणि ४ हा आकडा घर्षण व बॅक ईएमएफ यांतून येणारा विरोध समजा. आपण K वाढवता तेव्हा स्प्रिंग ताठ होते, पण विरोध आहे तेवढाच राहतो. K ४ पेक्षा मोठा असेपर्यंत दोन्ही पोलचा वास्तव भाग −२ वरच असतो. गेन वाढला की पोल फक्त वर-खाली एकमेकांपासून लांब जातात. आंदोलनाला वेढणारे आवरण म्हणून प्रत्येक वेळी `e^(-2t)` याच गतीने आकसते आणि सुमारे २ सेकंदांनी २ टक्क्यांपर्यंत उतरते.

गेन ६४ चा आलेख जवळून पाहा. शाफ्ट ०.४१ सेकंदाला ४४ टक्के पुढे जातो, मग दर ०.४१ सेकंदाने २० टक्के मागे, ९ टक्के पुढे, ४ टक्के मागे आणि शेवटी १.७ टक्के पुढे. गेन १६ ला पहिले शिखर ०.९१ सेकंदाला १६ टक्क्यांचे येते आणि पुढची दरी २.७ टक्क्यांची. हेलकावे एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी, पण ओसरण्याची घाई दोन्हीकडे सारखीच आहे. २.०२ आणि १.७६ यांतला फरक एवढाच की शेवटचा हेलकावा पट्ट्यातून नेमका कोठे आत शिरला.

श्री. मापनयंत्र यांचा अनुभव खोटा नाही, पण त्यांच्या हातात वेगळी किल्ली होती. मीटरमध्ये गुंडाळीचे जडत्व आणि स्प्रिंग ठरलेली असते, म्हणजे नैसर्गिक वारंवारता स्थिर राहते आणि रोध बदलला की फक्त विरोध बदलतो. तेथे झीटा ०.२ वरून ०.७ केला की आवरण खरोखरच साडेतीन पट वेगाने आकसते. येथे झीटा वाढतो तो गेन कमी केल्याने, आणि त्याबरोबर नैसर्गिक वारंवारताही त्याच प्रमाणात खाली येते. दोघांचा गुणाकार २ च राहतो.

मापनयंत्र
हे मान्य आहे. वारंवारता बदलत असेल याचा मी विचार केला नव्हता. मग विरोधच वाढवावा. शाफ्टवर घर्षणाची चकती बसवता येईल.

मूळस्थान
चकतीची गरज नाही. टॅकोमीटरचा वेग-संकेत कोनाच्या फीडबॅकमध्ये मिळवा. वेगाचा गुणक Kt धरला तर छेद `s^2 + (4 + K*Kt)s + K` होतो. K ३२ आणि Kt ०.१२५ ठेवला तर मधला सहगुणक ८ होतो, पोल −४ ± 4j वर जातात, झीटा ०.७०७ होतो आणि ओव्हरशूट ४.३ टक्के येतो.

सर्किट_वही
टॅकोमीटर नसेल तर चूक-संकेताचे डेरिव्हेटिव्ह घेऊन तोच छेद मिळतो, मग वेगळा सेन्सर कशाला?

मूळस्थान
छेद तोच मिळतो, प्रतिसाद तोच मिळत नाही. डेरिव्हेटिव्ह चूक-संकेताच्या मार्गात ठेवले की अंशात −८ वर झीरो येतो. याच आकड्यांनी राइज टाइम कमी होतो, पण ओव्हरशूट ४.३ ऐवजी ६.७ टक्के होतो. झीटावरून ओव्हरशूट काढण्याचे नेहमीचे सूत्र अंशात झीरो नसेल तेव्हाच लागू पडते. शिवाय इनपुट एकदम बदलले की डेरिव्हेटिव्हचा झटका थेट मोटरला बसतो. सेन्सर नसेल तर मोजलेल्या कोनाचेच डेरिव्हेटिव्ह घ्यावे, चूक-संकेताचे नव्हे.

शाफ्ट_३६०
टॅकोमीटर आहे, तो जोडलेला असूनही मी वापरत नव्हतो. आपले आकडे घालून पाहिले, ओव्हरशूट ४.३ टक्केच आला. सेटलिंग टाइम मात्र १.०५ सेकंद येतो. ४ भागिले ४ म्हणजे नेमका १ यायला हवा होता ना?

मूळस्थान
ते सूत्र आवरणाचे आहे, प्रत्यक्ष वक्राचे नाही. आपला वक्र ४.३ टक्के वर गेल्यावर पट्ट्यात परत येतो, त्याला तेवढा वेळ लागतो. मधला सहगुणक ८ च ठेवून K २६.३ केला तर झीटा ०.७८ होतो. मग ओव्हरशूट २ टक्क्यांच्या किंचित खाली राहतो, वक्र एकदा पट्ट्यात शिरला की बाहेर पडत नाही आणि सेटलिंग टाइम ०.७ सेकंदावर येतो. अर्थात Kt त्यानुसार ०.१५२ करावा लागेल.

मापनयंत्र
यावर माझी हरकत आहे. शाफ्टवरचा भार थोडा वाढला की झीटा खाली येईल, शिखर पट्ट्याबाहेर डोकावेल आणि सेटलिंग टाइम ०.७ वरून एकदम १ सेकंदापलीकडे उडी घेईल. मी झीटा ०.८५ च्या आसपास ठेवला असता. थोडा वेळ जास्त लागला तरी चालेल, पण अशा कड्यावर उभे राहू नये.

मूळस्थान
भार बदलणारा असेल तर आपले म्हणणे योग्य आहे. स्थिर असेल तर ०.७८ सोडण्याचे कारण मला दिसत नाही. दोन्हीपैकी काहीही निवडले तरी एक तपासणी करावी: १ रेडियनचा स्टेप दिल्यावर पहिल्या क्षणी नियंत्रकाचा आउटपुट २६ च्या वर जातो. ड्रायव्हर त्याआधीच मर्यादेला टेकला, तर वरचे सगळे आकडे लहान स्टेपपुरतेच खरे ठरतील.

शाफ्ट_३६०
भार बदलतो, शाफ्टवर कधी रिकामी, तर कधी भरलेली चकती असते. ड्रायव्हरची मर्यादा मी अजून मोजलेली नाही. आज ०.१ रेडियनचा आणि १ रेडियनचा असे दोन्ही स्टेप प्रत्यक्ष मोटरवर देतो आणि आलेख येथेच टाकतो.