शाळेतील वादविवाद : अणुभट्टी बंद झाली की धोका संपतो का?

खारघरची आई : लेक नववीत आहे आणि वादविवादात अणुऊर्जा स्वच्छ असल्याच्या बाजूने बोलणार आहे. तिने लिहिले आहे, "संकट आले की अणुभट्टी काही सेकंदांत बंद होते आणि धोका तिथेच संपतो." हे वाक्य ठेवावे का?

वाशीचा निवृत्त अभियंता : पहिला भाग ठेवा, दुसरा काढा, मोठी माणसेही हेच बोलतात तेव्हा मला राहवत नाही. भट्टी बंद होते तेव्हा विखंडन थांबते, पण इंधनात साठलेली किरणोत्सारी द्रव्ये तापतच राहतात. तारापूरची 540 मेगावॉटची भट्टी घ्या. तिच्यात साधारण 1,700 मेगावॉट उष्णता निर्माण होते. भट्टी बंद केल्याक्षणी त्यातली 6 ते 7 टक्के, म्हणजे शंभराहून अधिक मेगावॉट शिल्लक असते, आणि एका दिवसानंतरही सुमारे 8 मेगावॉट उरते. तेवढी उष्णता नुसते पाणी उकळून घालवायची ठरवली, तर दिवसाला 10,000 लिटरचे पंचवीस-तीस टँकर लागतील.

घोडबंदरकर : म्हणजे विरोधकांचेच खरे. फुकुशिमातही भूकंपाने भट्ट्या कोसळल्याच ना?

वाशीचा निवृत्त अभियंता : नाही. 11 मार्च 2011 रोजी चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या भूकंप होताच आपोआप बंद झाल्या. बाहेरची वीज गेली, तेव्हा डिझेल जनरेटरही सुरू झाले. त्यानंतर तासाभराच्या आत आलेल्या त्सुनामीचे पाणी तळघरांत शिरले, जनरेटर आणि विजेचे फलक बुडाले आणि इंधन थंड ठेवणे अशक्य झाले.

घोडबंदरकर : तळघरात जनरेटर! 26 जुलै 2005 ला आमच्या इमारतीचा जनरेटर बिल्डरने तळघरातच बसवलेला होता. तो सर्वांत आधी बुडाला, आणि माझ्या आजारी वडिलांना आम्ही सात मजले खुर्चीत बसवून खाली आणले. "पर्यायी व्यवस्था आहे" या वाक्यावर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

ऐरोलीची शिक्षिका : आपले दुःख समजते, परंतु विषय स्वच्छतेचा आहे, सुरक्षिततेचा नाही. हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीच्या 2014 च्या अहवालात, खाणीपासून धरून प्रतियुनिट विजेमागे अणुऊर्जेचा मध्यक 12 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आहे आणि कोळशाचा 820. मुलीने एवढेच मांडावे.

घोडबंदरकर : फुकुशिमाभोवतीची गावे रिकामी करावी लागली ती किरणोत्सारामुळे, धुरामुळे नव्हे. ज्या जमिनीवर राहता येत नाही, तिला स्वच्छ कसे म्हणायचे?

वाशीचा निवृत्त अभियंता : हा आक्षेप मला खोडता येत नाही. मात्र काक्रापारच्या नव्या 700 मेगावॉटच्या भट्ट्यांत पंपाशिवाय उष्णता काढण्याची सोय आहे, हे मुलीने सांगावे. तीसुद्धा टाकीत पाणी असेपर्यंतच चालते, हेही सांगावे.

खारघरची आई : तिने वाक्य बदलले : "भट्टी सेकंदांत बंद होते, परंतु तिला पुढे दीर्घकाळ थंड ठेवावे लागते."

ऐरोलीची शिक्षिका : बाजूने बोलणारीने स्वतःच 'परंतु' म्हणू नये. परीक्षक गुण कापतील.

घोडबंदरकर : कापू देत. भूकंपाबाबत माझे चुकले, हे मान्य. पण जनरेटर कोणत्या उंचीवर बसवला आहे, हा प्रश्न मी प्रत्येक प्रकल्पाला विचारणारच.