उत्तर: संत्र्यावरच्या डिंक्याचा प्रस्ताव, उद्दिष्टं आणि महत्त्व

> "दोन वर्षांचा छोटा प्रकल्प. उद्दिष्टं: १) काटोलच्या बागांतून ट्रायकोडर्मा वेगळा करणे, २) सर्वांत प्रभावी निवडणे, ३) बागेत डिंक्यावर परिणाम तपासणे. महत्त्व कसं लिहू?"

सर, आधी उद्दिष्टांकडे बघा. तिन्ही एकमेकांवर लटकली आहेत. पहिल्यात चांगली बुरशी मिळालीच नाही तर पुढचं सगळं बसलं, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. म्हणून संग्रहातली एक ज्ञात ट्रायकोडर्मा पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा. मग कुंडीतले प्रयोग लगेच सुरू होतात आणि काटोलच्या बुरशीला तुलनाही मिळते.

बागेतली चाचणी मात्र काढाच. झाडागणिक रोग कमीजास्त असतो, पाऊस दरवर्षी वेगळा. दोन हंगामांत ठाम काही हाती येणार नाही. त्याऐवजी जंबेरीची रोपं घ्या. संत्र्याचे डोळे बहुतेक याच खुंटावर बांधतात, आणि तो डिंक्या घडवणाऱ्या फायटोफ्थोराला लवकर बळी पडतो. कुजलेल्या मुळांचं प्रमाण काही महिन्यांत मोजता येतं.

आता महत्त्व. "नागपूर ही संत्रानगरी" इथून सुरुवात नको, ते परीक्षकाला ठाऊक आहे. न सुटलेला प्रश्न लिहा: प्रयोगशाळेतल्या थाळीत फायटोफ्थोराला रोखणारी बुरशी पावसाळ्यात पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या मातीत टिकते का? फायटोफ्थोराचे बीजाणू अशाच पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात, म्हणून निचरा होणाऱ्या मातीतला निकाल इथे तसाच लागू होईल असं धरता येत नाही. बुरशी टिकली नाही, तर मात्रा बदलायची की आधी निचरा सुधारायचा, हे कशावरून ठरवणार तेही दोन ओळींत लिहा.