चार्जिंग ‘संपलं’ की ‘झालं’?

पंचवटीकर
मित्राने एक छोटं ॲप केलंय. फोन चार्ज झाला की ते बोलून सांगतं, म्हणजे माणूस पिन काढतो आणि बॅटरी जास्त वर्षं टिकते. त्याच्या मराठी सूचना मी लिहून देतोय. मूळ इंग्रजीत दोन वेगळे संदेश आहेत, ‘बॅटरी फुल’ आणि ‘चार्जिंग कम्प्लीट’. पहिल्याला ‘बॅटरी भरली’ केलं, दुसऱ्याला ‘चार्जिंग संपलं’.
वडिलांच्या फोनवर टाकून पाहिलं. रात्री साडेअकराला फोन खणखणीत आवाजात म्हणाला, ‘चार्जिंग संपलं.’ वडील उठले, पिन आणखी घट्ट खोचली आणि झोपले. सकाळी मलाच म्हणाले, तुझा चार्जर लूज आहे.
तर शब्द कोणता घ्यावा? आणि हे दोन संदेश खरंच वेगळे आहेत, की एकच गोष्ट दोनदा सांगितलीय?

गंगापूर रोड
संपेपर्यंत थांबताच कशाला? मी १५–२० टक्के राहिलं की लगेच लावतो. वडिलांनाही तीच सवय लावा.

पंचवटीकर
काका, बॅटरी भरल्यावरचा शब्द विचारतोय मी. पण तुम्हीही ‘संपलं’ वाचून नेमकं वडिलांसारखंच समजलात, त्यामुळे हा शब्द बाद.

निवृत्त मास्तर, नाशिकरोड
बाद होणारच होता. इंग्रजीत चार्जिंग ही क्रिया आहे, आपण तिचा जिन्नस करून टाकला. ‘किती चार्जिंग आहे?’, ‘थोडं चार्जिंग शिल्लक आहे’ असं आपण बोलतो, डब्यातल्या साखरेबद्दल बोलावं तसं. जिन्नस संपला म्हणजे डबा रिकामा.
‘जेवण झालं’ आणि ‘जेवण संपलं’ यांतला फरक आठवा. पहिल्यात माणूस ढेकर देतो, दुसऱ्यात पातेलं पालथं असतं. म्हणून ‘चार्जिंग झालं’. ‘चार्जिंग पूर्ण’ हे छापायला ठीक, पण रात्री कानावर पडायला ‘झालं’च बरं.
एक जाता जाता. ‘बॅटरी फुल’ ठेवायचंच असेल तर फु ऱ्हस्व. एका फोनवर मी ‘बॅटरी फूल’ पाहिलंय. मोगऱ्याचं की झेंडूचं, ते लिहिलं नव्हतं.

एम.जी. रोडचा दुरुस्तीवाला
मास्तरांचं शब्दाचं पटलं. दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, कारण काउंटरवर रोज तेच बघतो. दोन्ही संदेश वेगळे आहेत. टक्का हा फोनने केलेला अंदाज असतो, आणि चार्जिंग चालू आहे की थांबलं, ही वेगळी नोंद असते. काल एक फोन केबलने संगणकाला जोडून विचारलं:

```
adb shell dumpsys battery
  status: 2
  level: 100
  voltage: 4402
  temperature: 376
```

`level` शंभर आहे, पण `status` 2 आहे, म्हणजे चार्जिंग चालूच. शेवटच्या टप्प्यात व्होल्टेज तेवढंच धरून ठेवतात आणि करंट हळूहळू उतरत जातो. तो पुरेसा खाली आला की फोन `status: 5` दाखवतो, म्हणजे खरं फुल. या फोनला शंभर दिसल्यापासून पाच यायला वीसेक मिनिटं लागली. सगळे फोन असं करत नाहीत, काहींत शंभर आणि पाच एकदमच येतात.
तेव्हा ‘बॅटरी भरली’ कशावर बोलायचं आणि ‘चार्जिंग झालं’ कशावर, ते आधी मित्राला विचार. शब्द नंतर.

इंदिरानगर
म्हणजे शंभरनंतरही वीज आत जातच असते! म्हणूनच रात्रभर लावला की ओव्हरचार्ज होऊन बॅटरी फुगते. माझी फुगली होती, मागचं झाकण उचललं गेलं.

एम.जी. रोडचा दुरुस्तीवाला
अर्धं बरोबर. फुल झालं की सर्किट स्वतःच चार्जिंग तोडतं. टक्का जरा उतरला की पुन्हा थोडं घालतं. म्हणजे शंभराची एकशेदहा होत नाही. पण बॅटरी रात्रभर वरच्या व्होल्टेजवर बसून राहते, आणि त्यानेच ती लवकर म्हातारी होते. त्यात उष्णता आली की आणखी लवकर. वर `temperature: 376` आहे ना, ते ३७.६ अंश. तोच फोन मे महिन्यात उशीखाली चार्जिंगला ठेवला तर आकडा बराच वर जाईल. तुमचा फोन कुठे ठेवत होतात?

इंदिरानगर
गाडीत, डॅशबोर्डवर. दिवसभर डिलिव्हरीचं काम, नकाशा चालू आणि चार्जर लावलेला.

एम.जी. रोडचा दुरुस्तीवाला
मग रात्रीला दोष देऊ नका. ऊन, चालू स्क्रीन आणि सतत शंभर टक्के, तिन्ही एकत्र झाले. आणि फुगलेली बॅटरी दाबून झाकण बसवायचा प्रयत्न कोणी करू नका. ती बदलायचीच.
ॲपबद्दल एक. असं साधं ॲप फक्त ओरडू शकतं, चार्जिंग तोडू शकत नाही. शंभरला ओरडून बॅटरीचं फारसं भलं होत नाही, कारण तोवर ती वर जाऊन बसलेलीच असते. ऐंशीला ओरडलं आणि कोणी उठून पिन काढली, तर उपयोग. त्यापेक्षा फोनच्याच बॅटरी सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर ती लावा. आयफोनमध्ये १५ पासून पुढे आहे, बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्येही आहे. मग वडिलांची झोपमोड नको.

पंचवटीकर
त्यांच्या फोनमध्ये ती सोय आहे! लावली. पण आता ॲप मुकं झालं. फोन ऐंशीवर थांबतो, ना ‘भरली’ ना ‘झालं’.

एम.जी. रोडचा दुरुस्तीवाला
होणारच. ॲप शंभराची किंवा पाचाची वाट बघतंय. मर्यादेवर थांबलेला फोन बहुतेक वेळा `status: 4` सांगतो, म्हणजे पिन लावलेली आहे पण चार्ज करत नाही. मित्राला चारसुद्धा पकडायला सांग. आणि मर्यादा लावूनही आयफोन अधूनमधून शंभरपर्यंत जातो, टक्क्याचा अंदाज चुकू नये म्हणून. तेव्हा वडिलांना ‘बिघडला’ वाटू देऊ नको.

निफाडकर
तुमचं शहरातलं ठीक आहे. आमच्याकडे शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. मोटर चालू करायला रात्री मळ्यात जावं लागतं, तिथे बॅटरीही तोच फोन, म्हणजे टॉर्च म्हणतोय मी. ऐंशीवर सोडला तर पहाटे ‘संपलं’ खरोखरच ऐकू येईल. मी शंभरच करतो. दोन वर्षांनी बॅटरी बदलावी लागली तर बदलीन.

एम.जी. रोडचा दुरुस्तीवाला
तुमच्यासाठी तेच बरोबर. फक्त संध्याकाळपासून लावून ठेवू नका, निघायच्या बेताने शंभर होऊ द्या.

निवृत्त मास्तर, नाशिकरोड
निफाडकरांनी आणखी एक घोळ दाखवला. आपल्याकडे टॉर्चही बॅटरीच. ‘बॅटरी भरली’ ऐकून त्यांच्या घरी कोणीतरी टॉर्चमध्ये सेल घालून आलं असेल.
आता चार नंबरच्या अवस्थेला शब्द हवा. ‘पूर्ण’ चालणार नाही, वीस टक्के जागा रिकामी ठेवून पूर्ण कसं? मी ‘पुरे’ सुचवतो. वाढणाऱ्याला आपण हात आडवा करून म्हणतो, तेच.

गंगापूर रोड
फोन मला ‘पुरे’ म्हणाला तर मी तो पुन्हा हातात घेणार नाही. घरात एक माणूस म्हणतं तेवढं बास. ‘मर्यादा गाठली’ लिहा.

पंचवटीकर
‘मर्यादा गाठली’ स्क्रीनवर ठीक, पण ऐकायला वडिलांनी कोणाला तरी दम दिल्यासारखं वाटतं. तूर्त शंभराला ‘बॅटरी भरली’, पाचाला ‘चार्जिंग झालं’ असं पक्कं केलंय. चाराला काल नुसतं ‘ऐंशी झाली’ टाकून पाहिलं. आतल्या खोलीतून वडिलांनी विचारलं, ‘कोणाची?’

निवृत्त मास्तर, नाशिकरोड
‘टक्के’ घाला मध्ये. तरी मी ‘पुरे’वरच आहे.