शब्दचर्चा : ‘हात नाही’ की ‘हात नाहीत’?

खाडीकाठची (मालवण) : आमच्या मच्छीमार सोसायटीच्या जाळ्यांच्या शेडवर एक ओळ रंगवायची आहे. दहापेक्षा कमी शब्द हवेत. मला दिलेला मजकूर असा :

“पावसात दर्या खवळतो, तेव्हा होड्या वर काढून झापांनी शाकाराव्या लागतात. कच्च्या मनाचा माणूस हे दिवस फुकट गेले म्हणून कुढतो. खरा दर्यावर्दी मात्र जाणतो, की थांबणं म्हणजे हरणं नव्हे. तो फाटकी जाळी शिवतो, इंजिन उघडून बघतो. म्हणून नारळी पुनवेनंतर तोच पहिला निघतो. आयुष्यातही असे दिवस येतात. तेव्हा रिकामे बसू नका.”

मी ‘थांबणं म्हणजे हरणं नव्हे’ एवढंच उचललं. सासरे म्हणाले, “मगे बसान ऱ्हवाक हरकत नाय!”

कलमवाला : सारांश मूळ मजकुराच्या एक-तृतीयांश असावा, असं आम्हाला शाळेत शिकवलंय. म्हणजे सोळासतरा शब्द तरी लागतील. नऊत बसवाल तर गुण कापतील.

निवृत्त मास्तर : कलमवाले, इथे पेपर तपासायचा नाहीये, भिंत रंगवायची आहे. सारांशात सगळे मुद्दे थोडेथोडे राहतात. इथे एकच मुद्दा पुरा राहायला हवा.

ताई, तुमच्या सासऱ्यांनी नेमकी चूक पकडली. उताऱ्यातलं एकेक वाक्य झाकून बघा. दर्या खवळण्याचं झाकलं तरी सल्ला तोच राहतो. कुढणारा माणूस झाकला तरी तोच. पण जाळी शिवण्याचं झाकलं की सल्लाच उलटतो, ‘खुशाल बसा’ होतो. तुम्ही उचललेलं वाक्य सगळ्यात गोंडस होतं, पण भार जाळीच्या वाक्यावर आहे. ‘थांबावं लागलं’ आणि ‘काम थांबलं नाही’ हे दोन्ही ओळीत यायला हवं.

टीशर्टवाला : आमच्या मंडळाच्या टीशर्टवर ‘थांबला तो संपला’ आहे. तीनच शब्द. घ्या, चालेल!

खाडीकाठची : अहो, १ जून ते ३१ जुलै बंदी असते. तेव्हा न थांबणाऱ्यावर कारवाई होते!

शब्दवेडा : समास करा. ‘प्रतीक्षाकाळ हाच पूर्वतयारीकाळ.’ तीन शब्द, दोन्ही मुद्दे आले.

निवृत्त मास्तर : दोन्ही मुद्दे आले, हे कबूल. पण शब्द कमी झाले, वाचणं कुठे कमी झालं? मराठीत शब्दांची मोजणी फसवी असते. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, ‘बंदीच्या दिवसांतसुद्धा’ हे दोनच शब्द भरतात. भिंतीसाठी अक्षरं मोजा. आणि ‘पूर्वतयारीकाळ’ म्हटल्यावर जाळं दिसतं का?

खाडीकाठची : मग हे बघा : ‘होडी थांबली, हात नाही.’ चारच शब्द.

शब्दवेडा : व्याकरण चुकलं. हात अनेक आहेत, ‘हात नाहीत’ हवं.

निवृत्त मास्तर : शब्दवेडे, नियम बरोबर आहे, पण तो लावून वाचा : ‘होडी थांबली, हात नाहीत.’ म्हणजे माणसं मिळाली नाहीत म्हणून होडी अडली! खलाशी मिळेनात तेव्हा नेमकं हेच म्हणतात ना? ‘नाही’ निषेधालाही चालतं आणि अभावालाही. क्रियापद गाळलं की वाचणारा अभावाकडे सरकतो, त्यात ‘थांबली’ स्त्रीलिंगी एकवचनी आणि हात पुल्लिंगी अनेकवचनी. म्हणून गाळलेलं क्रियापद कानाला परत जुळत नाही. एक शब्द वाचवायला गेलो आणि अर्थ गेला. ‘होडी थांबली, हात थांबले नाहीत’ म्हणा. पाच शब्द, शंका नाही.

टीशर्टवाला : ‘होडी थांबली, हात चालूच’?

खाडीकाठची : हात चालवणं म्हणजे मारामारी हो! शिमगा नाही आमचा.

पण मास्तर, ‘थांबली’ऐवजी ‘शाकारली’ घेतलं तर? ‘होडी शाकारली, हात नाही शाकारले.’ पाऊस, बंदी, झाप सगळं त्या एका शब्दात येतं.

निवृत्त मास्तर : हे माझ्या ओळीपेक्षा सरस आहे. ‘थांबली’ कुठल्याही होडीला लागतं, ‘शाकारली’ पावसातल्याच होडीला. पुनवेनंतर पहिला निघण्याचा मुद्दा सुटला आहे खरा, पण शाकारलेली होडी पुढे उघडतातच, ते वाचणारा भरून घेईल. एक करा. उतारा न वाचलेल्या दोघातिघांना ओळ दाखवा आणि त्यांच्या शब्दांत अर्थ विचारा. ‘बसा’ म्हणाले किंवा ‘थांबू नका’ म्हणाले, तर ओळ पुन्हा लिहायची.

अलिबागकर : मीच पहिला धरा. आमच्याकडे घर शाकारतात, होडी झाकतात. मला वाटलं, होडीवर कौलं घातली की काय. ‘हात’ वाचल्यावर कळलं, पण थोडं अडखळलो.

निवृत्त मास्तर : भिंत मालवणात आहे, तेव्हा चालावं. पर्यटकही वाचणार असतील तर मात्र मी ‘थांबली’वर येईन.

खाडीकाठची : दोन्ही ओळी सासऱ्यांना वाचून दाखवल्या. ‘शाकारली’ ऐकून म्हणाले, “म्हणजे जाळी शिवा.” अर्थ पोचला. पण लगेच पुढे, “‘नाही’ कित्याक? ‘नाय’ लिवा!” आता पेंटर विचारतोय, नक्की काय लिहायचं.