फ्री स्वेल ९० आल्यावर पुढे काय?

"मातीच्या रिपोर्टमध्ये फ्री स्वेल इंडेक्स ९० टक्के आलाय. मग स्वेलिंग प्रेशर कशाला करायचं?"

९० म्हणजे केरोसिनच्या नळीत माती १० मिली बसली अन् पाण्याच्या नळीत १९. पण ती चाचणी वाळवून, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेल्या भुकटीची. माती फुगणारी आहे एवढं कळतं, पाया किती जोराने उचलेल ते नाही. तो जोर म्हणजेच स्वेलिंग प्रेशर, अन् तो जागेवरची घनता अन् ओलावा ठरवतात. म्हणून पायाच्या खोलीवरचा न मोडलेला नमुना मे महिन्यात, जमीन भेगाळलेली असताना काढा. पावसाळ्यातली माती आधीच फुगलेली, त्यामुळे दाब फसवा कमी येतो. (आपल्याकडे ठेकेदाराला नेमका तेव्हाच वेळ मिळतो!) आलेला दाब पायाखालच्या भाराशी ताडून बघा. एकमजली घराचा भार बहुतेक कमीच भरतो.