मदत हवी आहे: पडद्याचा रॉड भिंतीत टिकत नाही

कृष्णाकाठ
हॉलमधला पडद्याचा रॉड काल रात्री तिसऱ्यांदा खाली आला. या वेळी ब्रॅकेटसोबत तळहाताएवढा गिलावाही निघाला. ६ नंबरची गिट्टी आणि दीड इंची स्क्रू वापरले होते. रविवारी पाहुणे येणार आहेत, म्हणून घाई आहे. कोणती गिट्टी घेऊ तेवढं सांगा.

मिरजकर_काका
८ नंबरची घे. भोकात आधी पांढरं सिमेंट कालवून भर, मग गिट्टी ठोक. आमच्या फ्लॅटमध्ये अशीच बसवलीय, बारा वर्षं हलली नाही.

पटाशी
काका, तुमची भिंत काँक्रीटची किंवा सिमेंटात बांधलेल्या विटांची असणार. दादा, तुमचं घर किती जुनं आहे? रॉड किती लांब? मध्ये ब्रॅकेट आहे का? भोक पाडताना भुकटी कोणत्या रंगाची आली?

स्वरा_सातारा
आमच्याकडे पीओपीच्या छताला ट्रॅक लावलाय. तो छताच्या लोखंडी चॅनेलला धरतो, भिंतीला हातच लावावा लागत नाही.

कृष्णाकाठ
ताई, आमचं छत लाकडी आहे. घर गावभागात, आजोबांच्या वेळचं. शेजारी शेजारी तीन खिडक्या आहेत आणि त्यांवरून ११ फुटांचा एकच पाइप टाकलाय. ब्रॅकेट दोन्ही टोकांनाच आहेत, मध्ये नाही. भुकटी आधी राखाडी आली, मग तपकिरी माती. विटा मातीत रचलेल्या आहेत. २०१९ च्या पुरानंतर आतून सगळा सिमेंटचा गिलावा नवीन केला.

पटाशी
ही गोष्ट पहिल्यांदाच सांगायला हवी होती. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा म्हणजे मऊ अंगावर कडक कवच. भिंत ओल धरते, सोडते आणि कवच तिच्यापासून सुटतं. बोटाच्या पेरानं ठोकून बघा. भद्द आवाज आला तिथे गिलावा सुटलाय. तुमची दीड इंची गिट्टी बहुतेक त्या कवचातच बसलीय, म्हणून कवचासकट आली.

ओढही समजून घ्या. पडदे आणि पाइप मिळून दहा किलो धरले तर एका ब्रॅकेटवर पाच. ब्रॅकेट चार इंच बाहेर आणि स्क्रूंमधलं अंतर दोन इंच असेल, तर वरचा स्क्रू दहा किलोच्या ओढीनं बाहेर खेचला जातो. पोरांनी पडदा ओढला की आणखी. मधे आधार नसल्यानं पाइप वाकतो आणि टोकांची ब्रॅकेट पिळतो.

मिरजकर_काका
मग फास्टनर मार की! पाच इंची लोखंडी.

पटाशी
तो फुगून धरतो. सांधा मातीचा असेल तर वीट ढकलली जाते, धरली जात नाही. काँक्रीटला ठीक, इथे नको.

बांधकाम_बाबा
जाळीच्या नळीत भरायचं केमिकल अँकर चालतं. विटेच्या मध्यावर भोक, फुंकून स्वच्छ करायचं, हातोडा बंद ठेवून ड्रिल करायचं.

पटाशी
चालेल, पण एका वीटभर जागेवरच. त्यापेक्षा खिडकीच्या चौकटीवर जुनी सागवानी फळी असते, ती शोधा. चौकटीच्या तीन इंच वर बारीक भोक पाडा. आधी राखाडी भुकटी, मग लाकडाचा भुसा आला की फळी सापडली. तिथे गिट्टी लागतच नाही.

तिन्ही फळ्यांवर मिळून तीन इंच रुंद, पाऊण इंच जाड अखंड सागवानी पट्टी मारा आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर. पट्टी पाऊण इंच, गिलावा सव्वा इंच, लाकडात एक इंच, म्हणजे तीन इंची स्क्रू. आधी तीन मिमीचं भोक पाडा, नाहीतर जुन्या सागात स्क्रू तुटतो. ब्रॅकेट चार घ्या, पाइपचा जोड असेल तर तो मधल्या ब्रॅकेटवरच येऊ द्या. स्क्रू जास्त आवळू नका, सुटलेला गिलावा तडकेल.

स्वरा_सातारा
पट्टी दिसेल ना? मी भिंतीच्याच रंगाची रंगवेन.

कृष्णाकाठ
रंगवतो. आज तीन भोकं पाडली. उजवीकडच्या आणि मधल्या खिडकीवर सव्वा इंचावर लाकूड लागलं, भुसा पिवळसर आणि कोरडा. डावीकडे मात्र काळपट, ओलसर भुसा आला आणि बिट सहज आत गेलं. त्या भिंतीला बाहेरून पन्हाळीचं पाणी लागतं.

पटाशी
मग डावीकडे काही टांगू नका. बोथट स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. तो अर्धा इंच आत रुतला तर फळी कुजली आहे, आणि तिच्यावर विटांचा भार आहे. आधी पन्हाळ दुरुस्त करा, गवंड्याला दाखवा. सध्या उरलेल्या दोन खिडक्यांपुरताच रॉड लावा.

मिरजकर_काका
फळी बदलायची तर खाली टेकू लावून बदलतात. आमच्या मावशीच्या घरी केलं होतं, पण त्या वेळी वरचा मजला नव्हता.

कृष्णाकाठ
आमच्या वर माळा आहे, त्यात ज्वारीची पोती. स्क्रूड्रायव्हर पाऊण इंच गेला. पोती आजच खाली उतरवतो.