शब्दचर्चा: करंट मिररच्या 'आउटपुट रेझिस्टन्स'ला मराठीत काय म्हणावं?

खडूफळा: डिप्लोमाच्या मुलांसाठी ॲनालॉग आयसीची टिपणं मराठीत लिहितोय. 'करंट मिरर'ला 'धारा-आरसा' लिहिलं, ते मुलांना लगेच पटलं. एका ट्रान्झिस्टरमधून १०० मायक्रोअँपिअर सोडले की शेजारच्या त्याच्या जुळ्यातूनही तेवढेच वाहतात. अडलो ते 'आउटपुट रेझिस्टन्स'पाशी. 'निर्गम रोध' लिहिलं, तर एका मुलीने आउटपुटच्या १ व्होल्टला १०० मायक्रोअँपिअरने भागून १० किलोओहम उत्तर काढलं. बरोबर उत्तर १०० किलोओहम होतं. मला वाटतं, तिला माझ्या शब्दानेच फसवलं. पुढे हा रोध वाढवणारा 'कॅस्कोड' आरसा येतो, एकावर एक ट्रान्झिस्टर ठेवलेला. त्या शब्दाचं काय करावं, तेही सांगा.

डोंबिवलीकर: पण रोध कमीच हवा ना? मी स्वतः स्टिरिओ ॲम्प्लिफायर जोडलाय. स्पीकर ८ ओहमचा, आणि ॲम्प्लिफायरचा आउटपुट रेझिस्टन्स जितका कमी तितका बास घट्ट येतो.

सर्किटवाली: तुमच्या ॲम्प्लिफायरसाठी ते अगदी बरोबर आहे, कारण त्याने व्होल्टेज राखायचं असतं. आरशाने धारा राखायची असते, म्हणून तिथे उलटं.
खडूफळा, त्या मुलीने भागाकार बरोबर केला, फक्त चुकीच्या आकड्यांचा. एकूण व्होल्टेज घ्यायचं नाही, बदल घ्यायचा. आउटपुट ०.७ व्होल्टवरून १.७ वर ओढा. साध्या आरशात धारा १०० ची ११० होते. ड्रेनचं व्होल्टेज वाढलं की चॅनेल थोडं आखूड होतं आणि धारा वाढते. १ व्होल्टला १० मायक्रोअँपिअर, म्हणजे १०० किलोओहम. असा रोधक सर्किटमध्ये कुठेही बसवलेला नसतो. धारा किती हटवादीपणे आपल्या जागी राहते, त्याचं ते माप आहे. मी 'चल रोध' सुचवेन.

अण्णा: कॅस्कोड हा 'कॅस्केड'चाच दुसरा उच्चार. व्हॉल्व्हच्या टीव्हीत ट्यूनरला दोन ट्रायोड एकावर एक असायचे, त्यालाच आम्ही कॅस्कोड म्हणायचो.

सर्किटवाली: अण्णा, ट्यूनरचं तुम्ही म्हणता तसंच. शब्दाचा पुढचा भाग 'कॅस्केड'मधूनच आलाय, पण दोन्ही शब्द एक नाहीत. हंट आणि हिकमन यांनी १९३९ साली व्होल्टेज स्टॅबिलायझरवरच्या लेखात तो वापरला. दोन ट्रायोड जोडून पेंटोडचं काम घ्यायचं होतं, त्यामुळे शेवटचा 'ओड' पेंटोडचा असावा, असा अंदाज करतात. कॅस्केडमध्ये एका टप्प्याचं आउटपुट पुढच्या टप्प्याला जातं, इथे दोघांतून एकच धारा वाहते. म्हणून मराठीत 'कॅस्कोड'च ठेवावा.

खडूफळा: आणि त्याने रोध वाढतो कसा? मुलं हेच विचारतात.

सर्किटवाली: वरच्या ट्रान्झिस्टरचं गेट एका व्होल्टेजला बांधलेलं असतं. आउटपुट १ व्होल्टने वाढलं की तो जवळजवळ सगळा ताण हा वरचा स्वतःवर घेतो. त्याचा सोर्स, म्हणजेच खालच्याचा ड्रेन, जरा वर सरकतो. तेवढ्याने वरच्याचं गेट-सोर्स व्होल्टेज घटतं आणि वाढू पाहणारी धारा तिथेच दबते. `gm·ro` १०० धरला, तर खालच्याला १ व्होल्टपैकी १० मिलिव्होल्टच जाणवतात. त्याच्या १०० किलोओहमवर ते ०.१ मायक्रोअँपिअर होतात. आउटपुटकडून मोजलं तर १० मेगाओहम.

मृण्मयी: म्हणजे कॅस्कोड लावला की आरसा अचूक झाला. दोन ट्रान्झिस्टर जुळले नाहीत तरी चालतं.

सर्किटवाली: अर्धं खरं. खालच्या दोघांच्या ड्रेनना सारखं व्होल्टेज मिळतं, त्यामुळे त्यातून येणारी चूक जाते. पण त्यांच्या थ्रेशोल्डमध्ये २ मिलिव्होल्टचा फरक असेल आणि ओव्हरड्राइव्ह ०.२ व्होल्ट असेल, तर धारेत २ टक्के फरक पडतोच. तिथे कॅस्कोड काही करू शकत नाही. ट्रान्झिस्टर मोठे करावे लागतात आणि लेआउट नीट जुळवावा लागतो.
आणि किंमतही मोजावी लागते. थ्रेशोल्ड ०.५ धरा. साधा आरसा आउटपुट ०.२ व्होल्टपर्यंत उतरलं तरी चालतो. डायोडसारखे जोडलेले दोन ट्रान्झिस्टर एकावर एक ठेवून गेट बांधलं, तर निदान ०.९ व्होल्ट लागतात. सप्लाय १.८ चा असेल तर अर्धा तिथेच गेला. गेटला वेगळं, कमी व्होल्टेज दिलं की ०.४ वर भागतं.

खडूफळा: सिम्युलेशनमध्ये मुलांना हे कुठे दिसेल?

सर्किटवाली: आउटपुट ० पासून १.८ पर्यंत फिरवा आणि धारेचा आलेख काढा. साध्या आरशाची रेघ चढती दिसेल, कॅस्कोडची जवळजवळ आडवी. ०.९ च्या खाली तिला गुडघा येईल. तिथे वरचा ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमधून बाहेर पडलेला असतो आणि १० मेगाओहम उरलेले नसतात.

मृण्मयी: आमच्या सरांनी कमी-जास्त करता येणाऱ्या पुरवठ्याला 'चल' शब्द वापरला होता. 'चल रोध' म्हटलं की फिरवायचा पॉट डोळ्यांसमोर येतो.

खडूफळा: हो, मुलं पॉटच समजतील. 'बदल-रोध' कसा वाटतो? नाहीतर 'निर्गम रोध' ठेवून शेजारी हा आलेख छापतो.

अण्णा: आलेख छापाच. 'बदल-रोध' मात्र कानाला खटकतो.